सिंकमधली ती गोल रिंग: घरी नीट कशी बनवायची, मोजायची आणि ती नेमकी तिथेच का थांबते

नळ सोडला की सिंकच्या तळावर पाण्याची धार आपटते, तिथून पाणी सगळीकडे एकदम पातळ होऊन गुळगुळीत काचेसारखं पसरतं, आणि मग काही सेंटिमीटरवर अचानक जाड होतं, एक गोल कडा दिसते. याला म्हणतात हायड्रॉलिक जंप, आणि ती गोल असते म्हणून सर्क्युलर हायड्रॉलिक जंप. बघितलेली सगळ्यांनी असते पण "रिंग चार सेंटिमीटरवरच का, दहावर का नाही" असं विचारलं की बहुतेक लोक सांगतात की धारेचा जोर तिथे संपतो. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे, कारण रिंगची जागा ठरवण्यात बाहेरच्या साचलेल्या पाण्याचा वाटा फार मोठा असतो. हे घरच्या घरी मोजून बघता येतं, सामान दोनशे रुपयांच्या आत येतं, कसं करायचं ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी सिंक सोडा. सिंकचा तळ जाळीच्या दिशेने उतरता असतो, त्यामुळे तिथली रिंग कधीच नीट गोल नसते, चढाच्या बाजूला ती धारेजवळ सरकते आणि उताराच्या बाजूला लांबते. वर जाळीत खरकटं अडकलं की पाणी तुंबतं आणि सगळंच बदलतं. म्हणून सिंकमध्ये एक पालथी वाटी किंवा छोटं पातेलं ठेवा आणि त्याच्यावर सपाट काहीतरी. सगळ्यात चांगली म्हणजे जाड काच, साधारण एक फूट बाय एक फूट, काचवाल्याकडून कडा घासून घ्या नाहीतर बोट कापेल. काच नसेल तर गुळगुळीत ग्लेझ्ड टाइलचा तुकडा चालतो, टाइलवाल्याकडे असे उरलेले तुकडे पडलेलेच असतात. स्टीलचं ताट मात्र वापरू नका, निदान सुरुवातीला तरी नको, कारण ताटाला काठ असतो आणि काठ म्हणजे पाणी अडणार. ताट नंतर लागेलच, तेव्हा बाजूला काढून ठेवा.

काचेचा फायदा असा की खाली ग्राफ पेपर ठेवता येतो. ग्राफ पेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सेलोटेपने काचेच्या खालच्या बाजूला चिकटवा, मग वरून मोबाइलने फोटो काढला की रिंगचा व्यास नंतर निवांत मोजता येतो. फोटो अगदी डोक्यावरून सरळ खाली काढायचा, तिरका काढला तर गोल लंबगोल दिसतो आणि मोजमाप चुकतं.

काच लेव्हलमध्ये हवी. मोबाइलमध्ये लेव्हलचं ॲप असतंच, दोन्ही दिशांना बघा, कमी असेल तिथे जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या घड्या सारा. मग काच भांड्यांच्या साबणाने घासून भरपूर पाण्याने धुवा. तेलाचा हात लागलेला असला की पाणी तिथे फाटतं, कोरडे डाग राहतात आणि रिंग एका बाजूने तुटलेली दिसते. साबण उरला तरी प्रॉब्लेम आहे, त्याच्यावर पुढे येतो.

आता धार. हल्लीच्या नळांना तोंडाशी एक जाळी असते, एरेटर, ती पाण्यात हवा मिसळते आणि धार पांढुरकी दिसते. ती काढून टाका, हाताने फिरवली की निघते, नाहीतर फडक्याने धरून पक्कडने हलकेच. आपल्याला हवीय ती पारदर्शक, न थरथरणारी धार, जी बघून वाटलं पाहिजे की पाणी वाहतच नाहीये, काचेची कांडी उभी केलीये. नळ पूर्ण सोडला की अशी धार मिळत नाही, अगदी थोडा सोडला की खाली येता येता थेंबांत तुटते, मधली जागा शोधावी लागते. नळाच्या तोंडापासून काचेपर्यंत साधारण २० सेंटिमीटर अंतर ठेवा.

पाणी किती वाहतंय ते मोजायला काही लागत नाही, एक लिटरची बाटली आणि मोबाइलचा स्टॉपवॉच. बाटली भरायला ३० सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला २ लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मिली. मी पुढचं सगळं गणित याच एका केसवर करून दाखवणार आहे, म्हणून शक्यतो तुम्हीही इथूनच सुरू करा. प्रयोगाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजा, कारण गच्चीवरच्या टाकीची पातळी बदलते, शेजारच्यांनी शॉवर सोडला की प्रेशर पडतं, आणि दोन मोजमापांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर तो रीडिंग सोडून द्यायचा. ज्यांच्याकडे पाणी येतंच दिवसाआड त्यांनी नळाऐवजी ओट्यावर उंच ठेवलेली बादली आणि त्यातून सायफनने लावलेली नळी वापरावी, उलट ती नळापेक्षा जास्त स्थिर चालते, फक्त बादलीतली पातळी फार खाली जाऊ द्यायची नाही. खाली दुसरी बादली किंवा टब ठेवा म्हणजे तेच पाणी पुन्हा वर ओतता येतं.

हे सगळं जमलं की काचेवर धारेभोवती साधारण चार सेंटिमीटर त्रिज्येची रिंग मिळायला हवी. थोडं कमीजास्त होईल, ते का होतं हेच तर बघायचंय.

आता या रिंगच्या आत काय चाललंय ते आकड्यांत बघू. नळातून निघताना पाणी तसं हळूच असतं, पण २० सेंटिमीटर पडल्यावर त्याचा वेग सेकंदाला साधारण २ मीटर होतो आणि धार बारीक होत होत जेमतेम साडेचार मिलिमीटर जाडीची उरते. ती काचेवर आपटून आडवी पसरते. सुरुवातीला फक्त काचेला चिकटलेला अगदी खालचा थर अडतो, वरचं पाणी २ मीटरच्याच वेगाने जात असतं. पण हा अडलेला थर बाहेर जाता जाता जाड होत जातो, आणि आपल्या केसमध्ये केंद्रापासून पावणेदोन सेंटिमीटरवर तो पाण्याच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो. तिथून पुढे काचेचा ब्रेक सगळ्याच पाण्याला लागतो. हे गणित १९६४ मध्ये वॉटसन यांनी नीट मांडलं, आणि त्यांच्या सूत्रात आकडे घातले की ४ सेंटिमीटरवर फिल्मची जाडी साधारण ०.२८ मिलिमीटर आणि सरासरी वेग सेकंदाला ४८ सेंटिमीटर येतो.

इथे जरा थांबा कारण ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. पाणी २० सेंटिमीटर उंचीवरून पडलं होतं. रिंगपाशी पोहोचेपर्यंत त्याच्यात उरलेला वेग हा जेमतेम सव्वा सेंटिमीटर उंचीवरून पडल्याइतका आहे. म्हणजे बाकी सगळी ऊर्जा त्या चार सेंटिमीटरच्या प्रवासात, दोन-चार केसांइतक्या जाडीच्या थरात, घर्षणाने गेली. दिसायला ते पाणी एकदम सुळसुळीत दिसतं, पण प्रत्यक्षात तिथे जोरदार ब्रेक लागलेला असतो.

याचा एक पडताळा लगेच घेता येतो. काच खाली घ्या किंवा सायफनची नळी वर करा, धार २० ऐवजी ४० सेंटिमीटरवरून पडू द्या, प्रवाह मात्र तोच ठेवा, पुन्हा बाटलीने मोजून. आपटण्याचा वेग जवळजवळ दीडपट होतो, मग जोरावर सगळं अवलंबून असतं तर रिंग चांगलीच मोठी व्हायला हवी होती. होत नाही. गणिताने दीडेक मिलिमीटर फरक येतो, प्रत्यक्षात तुम्हाला तो कदाचित दिसणारही नाही. कारण वेग जास्त म्हणजे थर आणखी पातळ, आणि थर पातळ म्हणजे ब्रेक जास्त, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. यापेक्षा उंच नेऊ नका, धार हलायला लागते आणि रिंगचा काठ फाटका होतो.

आता "अचानक" का? पाणी हळूहळू जाड होत गेलं असतं तर काय बिघडलं असतं? याचं नेहमीचं उत्तर लाटांच्या वेगात आहे. उथळ पाण्यात लांब लाटेचा वेग खोलीवर ठरतो, खोली गुणिले गुरुत्वाकर्षण आणि त्याचं वर्गमूळ. ०.२८ मिलिमीटर खोलीला हा वेग सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटर येतो. आणि पाणी धावतंय ४८ ने. म्हणजे बाहेरच्या साचलेल्या पाण्याची "अरे हळू, पुढे गर्दी आहे" ही बातमी लाटेच्या रूपात आत येऊच शकत नाही, ती उलटी वाहून जाते. आतल्या पाण्याला बाहेरची काहीच खबर नाही, ते त्याच वेगात येऊन थेट आदळतं. पाण्याचा वेग भागिले लाटेचा वेग याला फ्राउड नंबर म्हणतात, आपल्याकडे तो रिंगच्या आत ९ च्या आसपास आहे आणि रिंगच्या बाहेर, जिथे पाणी तीन-साडेतीन मिलिमीटर खोल आणि सेकंदाला ४ सेंटिमीटरने चाललंय आणि लाट १८ ने, तिथे फक्त ०.२. एकाच्या वर आणि एकाच्या खाली, मधली उडी म्हणजे ती रिंग.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक टाचणी किंवा सुई घ्या. रिंगच्या आत, फिल्ममध्ये तिचं टोक बुडवा. तिच्यामागे, बाहेरच्या दिशेने, व्ही आकाराची रेघ उमटते, आणि सुईच्या पुढे, धारेच्या बाजूला, काहीही हलत नाही. धारेजवळ हा व्ही एकदम निमुळता असतो. सुई हळूहळू बाहेर सरकवत न्या, व्ही उघडत जातो, आणि रिंगपाशी आलात की तो जवळजवळ सरळ आडवा होतो. मग रिंग ओलांडून बाहेर या, आता सुई हलवली की तरंग सगळ्या बाजूंना जातात, धारेच्या दिशेनेही, पण रिंगच्या आत शिरत नाहीत. २०११ मध्ये फ्रान्समधल्या एका ग्रुपने हाच कोन रिंगपर्यंत मोजून पेपर लिहिला आणि या रिंगला व्हाइट होलचा पाण्यातला अवतार म्हटलं, म्हणजे ब्लॅक होलच्या उलट, आत काही शिरूच शकत नाही अशी जागा. त्यांनी सिलिकॉन ऑइल वापरलं होतं, पण व्ही उघडताना बघायला पाणी आणि सुई पुरते. उजेड बाजूने पडू द्या, टॉर्च टेबलाच्या पातळीवर धरला की व्ही जास्त स्पष्ट दिसतो.

आता मुख्य प्रयोग, ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातलाय. बाहेरची खोली बदलायची.

त्याआधी खोली मोजायचं काहीतरी हवं. तीन मिलिमीटर पाणी पट्टीने मोजता येत नाही, पट्टीला पाणी चिकटून वर चढतं आणि तेवढ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चूक होते. सोपा जुगाड असा: हार्डवेअरच्या दुकानातून एम४ साइजचा लांब स्क्रू आणि त्याचा नट घ्या. लाकडी पट्टीला मधोमध भोक पाडून त्यावर नट फेविक्विकने चिकटवा, स्क्रू त्यातून खाली सोडा, टोक कानशीने घासून अणकुचीदार करा. पट्टी दोन सारख्या वाट्यांवर पुलासारखी ठेवायची, वाट्या काचेच्या बाहेर, म्हणजे पाण्याला अडथळा नाही. एम४ स्क्रूचा पिच ०.७ मिलिमीटर असतो, म्हणजे एक पूर्ण फेरी फिरवली की टोक ०.७ मिलिमीटर खाली. हळू फिरवत न्या, टोक पाण्याला लागलं की पृष्ठभाग एकदम टोकाला उडी मारून चिकटतो, ते लगेच कळतं. तिथून काचेला टेकेपर्यंत फेऱ्या मोजा. पाच फेऱ्या म्हणजे साडेतीन मिलिमीटर. पाव फेरीपर्यंत अंदाज घेता येतो, म्हणजे ०.२ मिलिमीटरपर्यंत, आपल्याला भरपूर झालं. रिंगपासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर मोजा, अगदी काठावर नको, तिथे पृष्ठभाग नाचत असतो.

पाण्याची खोली वाढवायला ते मघाशी बाजूला ठेवलेलं ताट काढा. मोठं, सपाट तळाचं, काठ असलेलं. किंवा काचेच्याच कडेने एम-सीलची नाहीतर प्लॅस्टिसिनची बारीक वात लावा, दोन मिलिमीटर उंच, मग चार, मग सहा, असं. प्लॅस्टिसिन बरं, काढता येतं. बांध सगळीकडे सारखा उंच हवा, एका जागी खाली राहिला तर सगळं पाणी तिथूनच जाईल आणि रिंग त्या बाजूला ओढली जाईल. प्रत्येक वेळी बांध वाढवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, पाणी भरून कडेवरून सारखं सांडायला लागू द्या, मग खोली आणि रिंगची त्रिज्या दोन्ही मोजा.

काय मिळायला हवं ते आधीच काढून ठेवता येतं. जंपच्या आतली जाडी h, आतला फ्राउड नंबर F, आणि बाहेरची खोली H यांचं नातं कालव्यातल्या जंपसाठी दीडदोनशे वर्षांपासून वापरात आहे:

```
H = (h / 2) × (√(1 + 8F²) − 1)
```

हे नातं म्हणजे साधा जोराचा हिशेब आहे, आतून येणाऱ्या पाण्याचा धक्का बरोबर बाहेरच्या खोल पाण्याचा उलटा दाब. ४ सेंटिमीटरवर h ०.२८ मिलिमीटर आणि F ९ घातला की H येतो ३.४ मिलिमीटर. याचा अर्थ उलटा वाचायचा: बाहेर ३.४ मिलिमीटर पाणी असेल तर रिंग ४ सेंटिमीटरवर बसेल. हेच ३ सेंटिमीटरसाठी केलं की H ५.२ मिलिमीटर येतो, २ सेंटिमीटरसाठी ७.७, आणि ५ सेंटिमीटरसाठी २.३. म्हणजे नळाला हातही न लावता, फक्त बाहेरचा बांध पाच मिलिमीटरने वाढवून, रिंग ५ वरून २ सेंटिमीटरवर आणता येते. बाहेरचं पाणी आतल्यावर रेटा देतं, आतलं पाणी जवळ जास्त जोरात असतं आणि लांब कमी, आणि जिथे दोघांचा जोर बरोबर होतो तिथे रिंग थांबते.

तुमचे आकडे सूत्राशी दहा-पंधरा टक्क्यांनी जुळले तरी खूश व्हा. सूत्रात मी पाण्याचा वेग थरात सगळीकडे सारखा धरलाय, खरं तर खाली शून्य आणि वर जास्त असतो, आणि पृष्ठताण, म्हणजे सरफेस टेन्शन, धरलेलंच नाही. कल बरोबर यायला हवा: खोली वाढली की रिंग लहान. काठाचं ताट वापरून पाणी सेंटिमीटरच्या वर गेलं की रिंग बुडून जाते, फक्त धारेभोवती फेसाळ खळबळ उरते, तिथे थांबा.

खोली वाढवताना अजून एक गोष्ट बघा, फार जण बघत नाहीत. खोली कमी असताना ड्रॉपरने शाईचा एक थेंब रिंगच्या लगेच बाहेर अगदी तळाशी सोडा. शाई बाहेर वाहून जायला हवी ना? तळाशी ती उलटी, आत रिंगकडे सरकते. आतून येणारा जोरदार प्रवाह रिंगपाशी तळ सोडून वर उचलला जातो आणि खाली एक चपटा भोवरा फिरत राहतो, तिथलं पाणी मागे येतं. हेच बांध पुरेसा वाढवल्यावर चित्र बदलतं, भोवरा वर येतो, पृष्ठभागावर मिरपूड टाकली तर काही कण रिंगकडेच परत येऊन तिथे लोळत राहतात. भोवरा असा वर आला की रिंगचा काठ खडबडीत दिसतो, ते पाणी बिघडलं म्हणून नाही, जंपचा प्रकारच बदलला म्हणून. या सगळ्या उलाढालीत ऊर्जा जाते, आपल्या ४ सेंटिमीटरच्या केसमध्ये रिंगपाशी जी काही उरली होती तिच्यातली दोन तृतीयांशाहून जास्त त्या एका उडीत संपते. धरणाच्या सांडव्याखाली हौद बांधून मुद्दाम जंप घडवतात तो याचसाठी, नाहीतर सांडव्यावरून आलेलं पाणी नदीचं पात्र खणत सुटेल, आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात सांडव्यांची छोटी मॉडेल बांधून हे तपासतात.

आता बाहेरची खोली तशीच ठेवून प्रवाह बदलायचा असेल तर काच पुन्हा बिनकाठाची करा आणि मिनिटाला १, २ आणि ४ लिटर असे तीन रीडिंग घ्या. १९९३ मध्ये बोर, डिमॉन आणि पुत्कराद्झे यांनी काढलेल्या हिशेबात त्रिज्या प्रवाहाच्या पाच अष्टमांश घाताने वाढते, म्हणजे प्रवाह चौपट केला की रिंग सुमारे २.४ पट. यात चिकटपणाही येतो, कमी चिकट द्रव म्हणजे मोठी रिंग, म्हणून गिझरचं ५० डिग्रीचं पाणी घेतलं तर साध्या २५ डिग्रीच्या पाण्यापेक्षा रिंग साधारण २० टक्क्यांनी मोठी यायला हवी. हा पडताळा करण्यासारखा आहे कारण फरक डोळ्यांना दिसतो, फक्त काच आधी गरम पाण्याने थोडी तापवून घ्या, आणि काच पातळ असेल तर एकदम गरम ओतू नका, तडकते.

इथपर्यंत सगळं गुरुत्वाकर्षणावर चाललंय. पण २०१८ मध्ये केंब्रिजमधल्या राजेश भगत, पॉल लिंडेन आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की इतक्या पातळ थरात गुरुत्वाकर्षणाला कोण विचारतो, ही रिंग पृष्ठताणामुळे होते. त्यांचा पुरावा मस्त होता: त्यांनी धार आडव्या पृष्ठभागावर, उभ्या भिंतीवर आणि खालून वर छतावर मारली, आणि पाणी साचायच्या आधी रिंग सगळीकडे तेवढ्याच अंतरावर आली. भिंतीवर गुरुत्वाकर्षण थराला दाबत नाही आणि छतावर तर उलटं ओढतं, तरी रिंग आली. आपल्याच केसमध्ये तपासलं तर त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. धावत्या पाण्याचा जोर आणि पृष्ठताण यांची तुलना करणारा एक आकडा असतो, वेबर नंबर, तो १ च्या आसपास आला की पृष्ठताण बरोबरीत आला असं समजायचं, आणि ४ सेंटिमीटरवर तो आपल्याकडे ०.९ च्या जवळपास येतो. म्हणजे दोन्ही हिशेब योगायोगाने म्हणा की कसंही, एकाच जागेकडे बोट दाखवतात, आणि म्हणूनच भांडण सोपं नाही. २०१९ मध्ये डुशेन, अँडरसन आणि बोर यांनी याला उत्तर देताना पृष्ठताणाच्या त्या हिशेबालाच हरकत घेतली.

माझं मत असं की घरी दोन्ही बाजू तपासता येतात, पण वेगवेगळ्या क्षणी. भिंतीचा प्रयोग बाथरूममध्ये करा: हँडशॉवर काढून नुसती नळी घ्या, गुळगुळीत टाइलवर काटकोनात धार मारा. धारेभोवती पातळ चकती आणि तिच्या वर आणि बाजूंना जाड काठ दिसतो, तिथून पाणी दोन्ही बाजूंनी खाली ओघळतं. इथे बाहेर साचलेलं पाणी असं नाहीच, तरी काठ आहे, म्हणजे फक्त "बाहेरची खोली" म्हणून सगळं सुटत नाही. उलट काचेवरचा प्रयोग बघा, तिथे बांध वाढवला की रिंग सरकते, म्हणजे पाणी साचून स्थिर झाल्यावर बाहेरच्या खोलीला, पर्यायाने गुरुत्वाकर्षणाला, नाकारता येत नाही. काचेवर हा पहिला क्षणही पकडता येतो: कोरड्या, स्वच्छ काचेवर धार सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. रिंग आधी बनते, बाहेरचं पाणी अजून कडेपर्यंतही गेलेलं नसतं, आणि मग पाणी साचत जातं तशी रिंग थोडी आत येते का ते फ्रेम बाय फ्रेम बघा. बांध असेल तर हे सरकणं स्पष्ट दिसतं, बिनकाठाच्या काचेवर फारच थोडं.

साबण टाकून पृष्ठताण कमी करायचा मोह होईल, तो आवरा. पाणी धारेपासून रिंगपर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास पोहोचतं, आणि इतक्या वेळात साबणाला नव्याने ताणलेल्या पृष्ठभागावर येऊन बसायला सवड मिळतेच असं नाही, त्यामुळे रिंग बदलली नाही तरी त्यावरून पृष्ठताणाचा संबंध नाही असं म्हणता येत नाही, आणि बदलली तर ती बाहेरच्या फेसामुळे आणि कडेवरून पाणी सांडण्याची पद्धत बदलल्यामुळेही असू शकते. काच धुताना साबण राहू देऊ नका म्हटलं ते यासाठी. आणि नेटवर पंचकोनी, षटकोनी रिंगचे फोटो दिसतील, ते खरे आहेत, १९९८ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी ते नेचरमध्ये छापले होते, पण त्यासाठी त्यांनी इथिलीन ग्लायकॉल वापरलं होतं, जे गाडीच्या कूलंटमध्ये असतं आणि विषारी आहे, त्यामुळे ते स्वयंपाकघरात आणि भांड्यांजवळ अजिबात करू नका. नुसत्या पाण्यात कोपरे दिसले तर बहुतेक वेळा काच तेलकट आहे किंवा बांध एका जागी खाली बसलाय, आधी तो बघा.